विषय: पंप हाउसिंगच्या सॅम्पल रिपोर्टवर तुमची सही, मंगळवार २५ ऑगस्टपर्यंत मिळावी ही विनंती

शुक्रवार, २१ ऑगस्ट २०२६
उद्यमबाग, बेळगाव

अनिलअण्णा,

सप्रेम नमस्कार.

पंप हाउसिंगचा सॅम्पल रिपोर्ट ८ तारखेला तुमच्या टेबलावर ठेवला होता. मधे १४ तारखेला फोनवर आपलं बोलणं झालं, तेव्हा ‘बघतो’ म्हणालात. त्यानंतर तुम्ही ऑडिटच्या तयारीत अडकलात, हे मी रोज बघते आहे. म्हणून आठवडाभर मुद्दाम विचारलं नाही. आता मात्र तुमच्या सहीशिवाय पुढचं कुठलंच काम हलत नाही, त्यामुळे लिहिते आहे. मेल फक्त तुम्हालाच पाठवला आहे, कॉपी कुणालाही नाही.

तुम्ही का थांबला आहात याचा मला अंदाज आहे. पाच सॅम्पलपैकी एका पीसमध्ये बोअरच्या बाजूची भिंत ७.२ मिलिमीटर आली. ड्रॉइंगला ८ अधिक-उणे १ आहे, म्हणजे पीस मापात बसतो, पण अगदी कडेला. गेल्या वर्षी असाच कडेला बसणारा एक लॉट घाईत सोडला गेला आणि परत आला, तेव्हा सगळी उत्तरं तुम्हाला एकट्यालाच द्यावी लागली. सोडायची घाई आमच्या प्लॅनिंगची होती, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच डोळे झाकून सही करा असं मी म्हणणार नाही.

रिपोर्ट दिल्यानंतर जे झालं ते बहुतेक तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही. कोअर एका बाजूला सरकत होता, कारण कोअर प्रिंटला ढिलाई होती. १३ तारखेला पॅटर्न शॉपने प्रिंट भरून घेतला. १८ तारखेला नवे दोन पीस ओतले, १९ ला त्यांचं पूर्ण लेआउट घेतलं. तीच भिंत आता ७.९ आणि ८.० आहे, समोरची ८.० आणि ८.१. त्यातला एक पीस आडवा कापून बघितला. जाड बॉसपाशी जिथे श्रिंकेजची भीती होती, तिथेही धातू भरीव आहे. नवा रिपोर्ट सोबत जोडला आहे. कापलेला पीस माझ्या टेबलावर आहे.

आता उशिराचा हिशेब सांगते.

ऑर्डर ६०० नगांची आहे. दिवसाला ६० धरले तर ओतायलाच कामाचे दहा दिवस लागतात. मंगळवारी सही झाली तर बुधवारी वाळू आणि पॅटर्नची तयारी करून गुरुवारी, २७ ला पहिली हीट घेता येईल. मधले दोन रविवार सोडून ७ सप्टेंबरला शेवटचे मोल्ड ओतून होतात. फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग आणि मशीनिंग मागोमाग चालू राहील आणि शुक्रवारी ११ तारखेला गाडी निपाणीमार्गे गोकुळ शिरगावला सुटेल. सोमवारी १४ ला गणेश चतुर्थी आहे. आपले मोल्डिंगवाले बहुतेक सगळे खानापूर आणि चंदगडकडचे, ते शनिवारीच गावाला निघतात. गौरी-गणपती झाल्याशिवाय परत येत नाहीत आणि त्यांना थांबा म्हणायची माझी तरी इच्छा नाही. म्हणजे इथे दोन दिवस चुकले तर गाडी दोन दिवसांनी जाणार नाही, थेट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाईल.

तसं झालं तर ऑर्डरच्या अटीप्रमाणे आठवड्याला अर्धा टक्का कापला जाईल. १२ लाख ६० हजारांच्या ऑर्डरवर ते ६,३०० रुपये होतात. दोन आठवड्यांचे १२,६००. ही रक्कम सोसता येईल. पण तेवढे दिवस बिल निघत नाही आणि कच्च्या मालाचे पैसे तर आपण जुलैतच देऊन बसलो आहोत. मच्छेच्या मशीन शॉपने आपल्यासाठी एक व्हीएमसी मोकळं ठेवलं आहे. मंगळवारपर्यंत ते काही मागणार नाहीत, असं मालकांनी स्वतः कबूल केलंय. बुधवारपासून दोन शिफ्टचे दिवसाला ७,२०० रुपये, नाहीतर मशीन दुसऱ्याला. सणाच्या आधी दुसरं मशीन मिळणं अवघड आहे. फर्नेस चालो न चालो, हेस्कॉमचा डिमांड चार्ज सुटत नाही, तो वेगळाच.

कोअरचं दुखणं याहून मोठं आहे. सही लवकर होईल या भरवशावर मी १० तारखेला २४० कोअर करून घेतले. ही चूक माझी. या पावसात ते ओल धरतात आणि ओल धरलेला कोअर वापरला की ब्लोहोल ठरलेले. काल वरच्या रॅकमधले चार फोडून बघितले, ते अजून चांगले आहेत. खालच्या रॅकचा भरवसा देता येत नाही. एका कोअरला ३८ रुपये धरले तर सगळे मिळून ९,१२० रुपये. शिवाय नवे करायला तीन दिवस, आणि तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. मोल्डिंगच्या पोरांचा हिशेब बॉक्सवर होतो. हा पॅटर्न लागला नाही म्हणून दोन जोड्यांना गेले आठ दिवस किरकोळ काम देते आहे. त्यांचे बॉक्स निम्म्यावर आले आहेत. सण तोंडावर आहे, घरी मूर्ती आणायची आहे, पोरींना कपडे घ्यायचे आहेत. काल त्यातल्या एकाने अगदी हळू आवाजात विचारलं, ‘ताई, नवा पॅटर्न कधी लागणार?’ मला उत्तर देता आलं नाही, अण्णा.

म्हणून विनंती अशी, की मंगळवारी २५ तारखेला दुपारी बारापर्यंत तुमचा निर्णय मिळावा. पूर्ण मंजुरी द्यायला मन धजत नसेल तर पहिल्या ६० नगांपुरती अटीवर मंजुरी द्या. त्या प्रत्येक नगाची भिंत थिकनेस गेजने मोजून घेऊ, ७.५ च्या खाली एकही पीस पुढे जाणार नाही आणि आकडे संध्याकाळी तुमच्याकडे येतील. ते बघून उरलेल्या नगांचं ठरवा. मोजायला माझ्याकडची दोन माणसं देते, तुमच्या खात्यावर भार पडणार नाही. आणि रिपोर्टमध्ये काही खटकत असेल, तर ‘नाही’ म्हटलंत तरी चालेल. मात्र नेमकं काय सुधारायचं ते त्याच दिवशी कळू द्या, म्हणजे पॅटर्न शॉपला लगेच कामाला लावता येईल.

मंगळवारपर्यंत काहीच ठरलं नाही, तर बुधवारी सकाळी मला ग्राहकाला नवी तारीख कळवावी लागेल, आणि त्याआधी साहेबांच्या कानावर घालावं लागेल. तुमच्या नकळत ते करायचं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सोमवारी तुम्ही दिवसभर ऑडिटमध्ये आहात, तेव्हा त्रास देत नाही. मंगळवारी सकाळी साडेदहाला कापलेला पीस, गेज आणि नवा रिपोर्ट घेऊन तुमच्या केबिनमध्ये येते. पंधरा मिनिटं पुरतील. ती वेळ सोयीची नसेल तर दुसरी सांगा, मी सकाळी आठपासून शॉपमध्येच आहे.

तुमची,
सुजाता
उत्पादन नियोजन

सोबत: १९ ऑगस्टचा लेआउट रिपोर्ट, कापलेल्या पीसचे तीन फोटो