विसावा

वेळापूरचा मुक्काम हलवून दिंडी भंडीशेगावच्या वाटेला लागली, तेव्हा आजोबांच्या हट्टाखातर सोलापूरहून आळंदीला जाऊन वारीत सामील झालेल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने गळ्यातली तुळशीची माळ काढून खिशात टाकली होती. आईच्या आजारपणात त्याने विठ्ठलाला घातलेले साकडे वाया गेले होते आणि आता टाळ वाजवताना आपण ढोंग करत आहोत, असे त्याला वाटत होते. (एवढा प्रामाणिकपणा मोठ्यांनाही सहसा जमत नाही.)

विसाव्याला वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन बुवा मुलाच्या टाचेवरच्या फोडातून सुईदोरा ओवत असताना त्याने हे सांगून टाकले.

"माझा थोरला गेला, त्या वर्षी मी भांडायलाच आलो होतो," बुवा म्हणाले.

"मग उत्तर मिळालं का, बुवा?"

"नाही. यंदाही विचारणार आहे."

मुलाला ते पटले नाही आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले. माळ घाल, असे बुवा म्हणाले नाहीत. त्यांनी दोरा कापून फोडावर हळद दाबली. दिंडी उठली, तेव्हा लंगडतच त्याने टाळ मागून घेतले, कारण एकाचा ठेका चुकला की मागची सगळी रांग अडखळते, हे त्याला ठाऊक होते.