जाहिरातीप्रमाणे कामगिरी न देणाऱ्या गेमिंग लॅपटॉपबाबत तक्रार

नाशिक
१४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय : लॅपटॉप परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत
ऑर्डर क्र. ४४७१८०९२, दि. २८ जून २०२५, रक्कम ₹ ८४,९९०

महोदय,

वरील ऑर्डरचा लॅपटॉप मी आपल्या संकेतस्थळावरची जाहिरात वाचून घेतला. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या : आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स ११५ वॅटवर, ८ जीबीच्या दोन रॅम, आणि ‘सायबरपंक २०७७’ फुल एचडी, हाय सेटिंगला ८० एफपीएस.

प्रत्यक्षात याच गेमच्या स्वतःच्या बेंचमार्कमध्ये त्याच सेटिंगला सरासरी ४४ एफपीएस मिळतात. चार्जर लावलेला, परफॉर्मन्स मोड चालू, ड्रायव्हर नवा. तापमान ७० अंशांच्या आतच राहते, म्हणजे गरम होऊन वेग पडतोय असेही नाही. ग्राफिक्स चिप ४५ वॅटच्या वर जातच नाही. एकाच नावाची ही चिप कंपन्या कमी-जास्त वॅटवर बसवतात आणि फरक तिथेच पडतो. सोबतचा चार्जर १३५ वॅटचा आहे; ११५ वॅटची चिप आणि प्रोसेसर दोन्ही त्यावर पूर्ण ताकदीने चालणे शक्यच नाही. शिवाय रॅम १६ जीबीची एकच पट्टी निघाली. टास्क मॅनेजरमध्ये ‘Slots used: 1 of 2’ दिसते.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितले, “फ्रेम जनरेशन चालू करा, ८० दिसतील.” दिसतील, पण त्यातल्या निम्म्या फ्रेम मधे भरलेल्या असतात, माउसचा प्रतिसाद त्याने सुधारत नाही. जाहिरातीत ही अट कुठेही नव्हती. ‘बॉक्स उघडल्यावर परतावा नाही’ हेही ऐकवले गेले. बॉक्स न उघडता एफपीएस कसे मोजायचे, ते मात्र सांगितले नाही.

माझ्या फोननंतर उत्पादनाच्या पानावरून ‘११५ वॅट’ हे शब्द काढले गेले आहेत. खरेदीच्या दिवशीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म नसलेली वस्तू परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याच नियमांनुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. त्याच मॉडेलचा दुसरा नग मला नको. तोही ४५ वॅटचाच असणार. लॅपटॉप आपल्या खर्चाने घेऊन जावा आणि ₹ ८४,९९० मूळ खात्यात जमा करावेत. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
अनघा पाटील

सोबत : बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बेंचमार्कचे निकाल, चार्जरच्या लेबलचा फोटो