सोलरची गिऱ्हाईकं पाठवण्याबद्दल कमिशनचा प्रस्ताव

प्रिय प्रकाशदादा,

1 एप्रिलपासून तुम्ही आमच्याकडे 14 नावं पाठवलीत. त्यांतल्या 6 घरांवर सोलर बसलं, एकूण 21 किलोवॅट. आजवर तुम्ही आमच्याकडून एक रुपया घेतला नाहीत, हे मला बरोबर वाटत नाही. म्हणून हा लेखी प्रस्ताव.

घरगुती कामाला दर किलोवॅटमागे 1,500 रुपये, म्हणजे नेहमीच्या 3 किलोवॅटला 4,500. 10 किलोवॅटच्या वरच्या कामाला जीएसटी सोडून बिलाच्या 2 टक्के. हे पैसे आमच्या नफ्यातून जातील, गिऱ्हाईकाचं कोटेशन वाढणार नाही. तुम्हाला कमिशन मिळतं हे त्याला मोकळेपणाने सांगा, विचारलं तर आम्हीही सांगू.

माल साइटवर उतरला आणि गिऱ्हाईकाचा पहिला हप्ता जमा झाला की 60 टक्के, नेट मीटर बसल्यावर उरलेले 40. सगळे पैसे शेवटी द्यायचे म्हटलं तर मीटरसाठी तुमचेही अडकून पडतील, ते नको. मधेच काम रद्द झालं तर दिलेली रक्कम पुढच्या हिशेबात वळती करू.

वाद होतो तो "हे नाव कुणाचं" यावर. गिऱ्हाईक आम्हाला थेट फोन करतं आणि तुमचं नाव सांगायला विसरतं. त्यामुळे आधी मला व्हॉट्सअॅपवर नाव, गाव आणि वीजबिलाचा फोटो टाका. ज्याचा मेसेज आधी, त्याचं नाव. 120 दिवस ते तुमच्या खात्यात राहील. ते आमच्या वहीत आधीच असेल तर त्याच दिवशी कळवेन.

बिलाचा फोटो मागण्याचं आणखी एक कारण आहे. मागच्या दोन कामांत बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर निघालं. नाव बदलल्याशिवाय सबसिडीचा अर्ज पुढे जात नाही. 3 किलोवॅटला 78,000 रुपये थेट गिऱ्हाईकाच्या खात्यात येतात, पण तारखेचा शब्द तुम्ही कुणाला देऊ नका. गच्चीचाही एक फोटो पाठवा. टाकीची सावली कुठे पडते ते दिसलं की फुकटची फेरी वाचते.

अर्थिंग आणि मेन बोर्डाचं काम तुमच्या दराने तुमच्याकडेच राहील, त्याचा कमिशनशी संबंध नाही.

आधीच्या 6 कामांनाही हाच दर लावतोय: 31,500 रुपये. वर्षाचं कमिशन 20,000 च्या वर गेल्यामुळे 2 टक्के टीडीएस, म्हणजे 630 कापून 30,870 तुमच्या खात्यात येतील. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर दिसेल, रिटर्न भरताना वळती होईल. पॅन नसेल तर 20 टक्के कापावे लागतात, तेव्हा पॅन आणि बँकेचा तपशील नक्की पाठवा. जीएसटी नंबर असेल तर कमिशनचं बिल 18 टक्के लावून द्या, तो कर आम्ही वर देऊ.

दर कमी वाटला किंवा 60-40 जमत नसेल तर स्पष्ट सांगा. शनिवारी संध्याकाळी दुकानावर येतो, दोन प्रतींवर सह्या करून टाकू.

आपला,
नितीन