भाग 27 : चाळीत कांदा का सडतो? शो नोट्स

लांबी 52 मिनिटे. पाहुणे नाशिक जिल्ह्यात कांदाचाळींचे आराखडे करून देणारे कृषी अभियंता आहेत. शेतकरी गटांच्या प्रशिक्षणात ते दाखवतात तीच 18 स्लाइड्सची सादरीकरण-फाइल समोर ठेवून गप्पा झाल्या, म्हणून प्रत्येक वेळेपुढे स्लाइड क्रमांक दिला आहे. फक्त ऐकणाऱ्यांसाठी आकृत्या शब्दांत मांडल्या आहेत.

00:00 ओळख. सगळा भाग रब्बी कांद्याबद्दल आहे. खरिपाचा कांदा साठवणुकीला का चालत नाही, हे 03:15 ला थोडक्यात येते: माना जाड राहतात आणि नीट सुकत नाहीत.

04:40 | स्लाइड 3 नुकसानीचे तीन प्रकार. वजनातली घट, सड आणि कोंब. पाहुण्यांनी ते महिन्यांवर बसवले आहेत: जून-जुलैत उष्णता आणि दमटपणा एकत्र आला की सड वाढते, पुढे ऑक्टोबरच्या सुमारास हवा थंडावली की कोंब येतात. चाळ उघडून बघताना काय शोधायचे, हे यावरून ठरते.

09:05 | स्लाइड 4 व 5 शेतात झालेली चूक चाळ दुरुस्त करत नाही. लागवडीनंतर 60 दिवसांनी युरिया टाकला की मान जाड होते, जोडकांदे वाढतात आणि असा माल आधी सडतो. काढणीआधी 10 ते 15 दिवस पाणी तोडायचे. निम्म्या माना पडल्या की काढणी सुरू करायची.

14:30 | स्लाइड 6 ते 8 सुकवणी. वेळ कमी असेल तर एवढाच तुकडा ऐका. उपटलेला कांदा ओळीने असा मांडायचा की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल. उन्हाचा चटका पातीला बसतो, कांद्याला नाही. तीन-चार दिवसांनी मानेला पीळ देऊन 3 ते 4 सेंमी मान ठेवून पात कापायची. मान याहून आखूड झाली तर तोंड उघडे राहते आणि तिथूनच बुरशी आत शिरते. नंतर 10 ते 12 दिवस सावलीत पातळ पोळ. मजूर आणि ट्रॅक्टर दारात उभे असताना हेच दिवस वाचवले जातात, आणि पाहुण्यांच्या मते पुढच्या सडीचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

23:50 | स्लाइड 9 निवड. चिंगळी, जोड, डेंगळे आणि मार लागलेले कांदे चाळीत भरू नयेत. आधी विकून टाकावेत.

26:10 | स्लाइड 10 ते 13 चाळीचा आडवा छेद. आकृतीत मध्ये मोकळी वाट, दोन्ही बाजूंना 4 फूट रुंद कप्पे, तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उचललेला आणि फळ्यांत फटी आहेत. हवा खालून शिरून थरातून वर निघाली पाहिजे, म्हणून तळ बंद करून बांधलेली चाळ पाहुणे गोदामच मानतात. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम, एक पाखी दक्षिणोत्तर. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे किंवा कौलाचे. लोखंडी पत्रा तापून वरचा थर भाजतो.

> दुरुस्ती: 29:40 ला कप्प्याची रुंदी "चार मीटर" अशी ऐकू येते. स्लाइड 11 वरचे 4 फूट हेच बरोबर आहे. रुंदी वाढली की मधल्या कांद्यापर्यंत हवा पोचत नाही, म्हणून बांधकामाआधी हा आकडा नक्की तपासा.

33:20 | स्लाइड 14 क्षमतेचा हिशेब. 40 फूट लांब, 4 फूट रुंद, साडेचार फूट थर, असे दोन कप्पे:

```
40 × 4 × 4.5 × 2 = 1440 घनफूट ≈ 40.8 घनमीटर
40.8 घनमीटर × 0.6 टन प्रति घनमीटर ≈ 24.5 टन
```

म्हणजे सुमारे 245 क्विंटल. थर पाच फुटांवर नेण्याचा मोह होतो, पण तळचा कांदा दाबाने फुटतो आणि तिथून सड वर चढते.

38:45 | स्लाइड 15 पावसाळ्यातली देखभाल. संततधार असताना खालच्या फटींसमोर गोणपाट सोडायचे, उघडीप आली की लगेच उचलायचे. कुजका वास आला तर वरवर कांदे वेचून भागत नाही. तो कप्पा पूर्ण मोकळा करून पुन्हा भरायचा.

44:00 | स्लाइड 16 शीतगृहाशी तुलना. 0 ते 2 अंश सेल्सिअसला कांदा टिकतो, पण बाहेर काढल्यावर झपाट्याने कोंबतो. साध्या चाळीला 25 ते 30 अंश आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते.

47:30 श्रोत्यांचे प्रश्न. साठवणुकीसाठी वाण विचारल्यावर एन-2-4-1, भीमा शक्ती आणि भीमा किरण ही नावे आली. 50:15 ला पाहुण्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली: भरल्याची तारीख आणि वजन कप्प्याच्या खांबावर खडूने लिहा, म्हणजे घट मोजता येते.

स्लाइड 17 व 18 (खर्चाचा तक्ता) बोलण्यात आल्या नाहीत. त्यातले साहित्याचे दर जुने असल्याने ती दोन पाने सोबतच्या फाइलमधून वगळली आहेत.