आबांच्या रेडिओची वही

आबा,

दिवाळीत तुम्ही कॅलेंडरचं पान माझ्यापुढं टाकलंत, ते मी पुण्याला घेऊन आले. मागच्या कोऱ्या बाजूला तुमच्या पेन्सिलीतले शब्द: ‘प्लम’, ‘गोल्डन डाक’, ‘डेथवर’, ‘शिळी मिडाप’, ‘कारिडार आप अनसरटी’. आकाशवाणीवर क्रिकेटच्या समालोचनात हिंदीवाला थांबला आणि इंग्रजीवाल्यानं माईक घेतला की तुम्हाला नुसती खेळाडूंची नावं आणि गर्दीचा आवाज कळतो, हे मला माहीत आहे. गर्दीवरून तुम्ही चौकार बरोबर ओळखता, पण झेल सुटला तरी तसाच कल्ला होतो आणि तिथं फसता. म्हणून ही वही. अक्षर मोठं काढलंय, भिंगाशिवाय वाचता येईल.

आधी मैदान सांगते, कारण रेडिओवर चेंडू गेला कुठं हेच कळत नसेल तर बाकीचं कळून उपयोग नाही.

तुम्ही अंगणात तुळशीपाशी उभे आहात. पाठ घराला, तोंड फाटकाकडं. हातात बॅट. गोलंदाज फाटकातून पळत येतोय. आता तुमच्या उजव्या हाताची सगळी बाजू म्हणजे ऑफ साइड, डाव्या हाताची लेग साइड. सरळ उजवीकडं आड आहे ना, तिथं उभा तो पॉइंट. आडाच्या पुढं, फाटकाच्या बाजूला जास्वंद आहे, ते कव्हर. फाटकाजवळ गोलंदाजाशेजारी तुमच्या उजवीकडचा मिडऑफ, डावीकडचा मिडऑन. सरळ डावीकडं स्क्वेअर लेग. तुमच्या मागं उंबऱ्यावर यष्टिरक्षक, त्याला खेटून आडाच्या बाजूला स्लिपवाले. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, मागं लांब, थर्डमॅन. शेवग्याखाली, मागं डावीकडं लांब, फाइन लेग.

आणि गोठा. डावीकडं पुढं. त्या दिशेला सीमारेषेकडं उंच हाणलं की इंग्रजीवाला म्हणतो ‘काऊ कॉर्नर’. शब्दाला शब्द लावला तर गाईचा कोपरा. आबा, हे भाषांतर मला करावंच लागलं नाही, तुम्ही गोठाच तिथं बांधून ठेवलाय.

एक मेख आहे. हे सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्याचं. आपल्या माधवनगरची स्मृती मानधना डावखुरी, ती आली की अंगण आरशात बघायचं. तिचं कव्हर गोठ्याच्या अंगाला आणि तिचा काऊ कॉर्नर जास्वंदीकडं. म्हणून तिच्या कव्हर ड्राइव्हला गाय बिचकली पाहिजे, आजीची जास्वंद नाही.

‘सिली’ म्हणजे येडं. शिळी नव्हे. फलंदाजाच्या नाकासमोर, फटका बसला तर दात पडतील इतक्या जवळ जो उभा राहतो तो सिली पॉइंट, सिली मिडऑफ. ‘येडा मिडऑफ’ म्हणा, चालेल.

आता ‘प्लम’. खरा शब्द ‘प्लंब’, आणि प्लंब म्हणजे ओळंबा! तुम्ही चाळीस वर्षं भिंतीला लावलात तो. पायचीतचं अपील झालं आणि समालोचक ‘प्लंब’ म्हणाला, की चेंडू, पाय आणि स्टंप असे एका रेषेत होते की पंचाला डोकं खाजवायचं कारणच नाही. ओळंब्यात बाद. रिव्ह्यू घेतला तर तो वाया जाणार.

तुमच्या कामातलं आणखी एक सापडलं. ‘लाइन अँड लेंग्थ’. लाइन म्हणजे दोरी, चेंडू कुठल्या स्टंपच्या सुताला येतोय ते. लेंग्थ म्हणजे टप्पा, फलंदाजापासून किती अंतरावर पडतोय ते. टप्पा आखूड असेल तर चेंडू छातीवर येतो, फार पुढं पडला तर फलंदाज त्याला अलगद ढकलतो. मधला तो ‘गुड लेंग्थ’: पुढं यावं तर पोचत नाही, मागं जावं तर वेळ नाही. दोरी आणि टप्पा दोन्ही धरून टाकणारा गोलंदाज म्हणजे तुमच्या भाषेत ‘हात बसलेला माणूस’.

तो ‘कारिडार’ इथंच येतो. ‘कॉरिडॉर ऑफ अनसर्टन्टी’. कॉरिडॉर म्हणजे बोळ, अनसर्टन्टी म्हणजे खात्री नसणं. मी आधी ‘अनिश्चिततेचा पट्टा’ लिहिलं होतं. मोठ्यानं वाचून बघितलं आणि खोडलं, सरकारी परिपत्रक वाटायला लागलं. ऑफ स्टंपच्या किंचित बाहेर, चांगल्या टप्प्यावर चेंडू पडतो. सोडावा तर आत येऊन दांडी उडवेल, खेळावा तर बाहेर जाऊन कड घेईल आणि स्लिपमध्ये झेल. फलंदाज घर की घाट करत राहतो. मी ‘दोन मनांचा बोळ’ असं ठेवलंय. याहून चांगलं सुचलं तर मला फोन करा.

‘थ्रू द गेट’ ऐकलात तर फाटकाकडं बघू नका. बॅट आणि पॅड यांच्यात फट राहिली आणि चेंडू तिथून आत शिरला. दोन विटांमध्ये दर्जा भरायचा राहिला की पाणी शिरतं, तसं. पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे: त्रिफळा. ‘बोल्ड’, ‘क्लीन्ड अप’, ‘कॅसल्ड’, ‘नॉक्ड हिम ओव्हर’, इंग्रजीवाला दर वेळी नवीन काहीतरी म्हणतो. या चारही ठिकाणी तुम्ही आपलं ‘त्रिफळा उडाला’ म्हणा. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या माणसाला मी काय नवीन शब्द देणार!

‘गोल्डन डाक’ पोस्टाचं नाही. डक, बदक. शून्याचा आकार बदकाच्या अंड्यासारखा म्हणून तिकडं शून्यावर बाद होणं म्हणजे डक. आपल्याकडं भोपळा. दोघांना गोलच दिसलं, फक्त त्यांना तळ्याकाठी आणि आपल्याला परड्यात. पहिल्याच चेंडूवर भोपळा तो ‘गोल्डन’. एकही चेंडू न खेळता समोरच्या टोकाला उभ्या उभ्या धावचीत झाला तर ‘डायमंड’. आपल्याकडं मात्र भोपळा फोडता येतो, पहिली धाव काढली की फुटला. बदकाचं असलं काही ऐकलेलं नाही.

‘डेथ ओव्हर्स’मध्ये कुणी मरत नाही. तुम्ही रात्री साडेनऊला घाबरून फोन केलात तो याच्यासाठी. शेवटची षटकं, जिथं सगळे आडवेतिडवे हाणतात. मराठीत ‘हाणामारीची षटकं’ म्हणतात, पण तेही ऐकून आजी घाबरेल. तेव्हा नुसतं ‘शेवटची षटकं’.

त्या षटकांत कुणी डोळे मिटून वाकडा फटका मारला की ‘ॲग्रिकल्चरल शॉट’ म्हणतात. शेतकी फटका. शेजारच्या नानांना हे सांगू नका, चिडतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. ऊस तोडताना कोयता किती नेमका बुंध्यात बसतो ते त्या समालोचकानं एकदा येऊन बघावं.

‘आस्किंग रेट’ तुम्हाला येतोच, तोंडी हिशोबात तुम्ही माझ्यापुढं आहात. ३० चेंडूंत ४२ हव्यात म्हणजे ५ षटकांत ४२, षटकाला ८.४. ‘डॉट बॉल’ म्हणजे धाव न निघालेला चेंडू, निर्धाव. ‘सिटर’ किंवा ‘डॉली’ म्हणजे पोरानंही घ्यावा असा झेल, आणि हे शब्द बहुतेक तो सुटल्यावरच ऐकू येतात. ‘टेल’ म्हणजे शेपूट, तळाचे फलंदाज. ‘नाइट वॉचमन’ म्हणजे कसोटीत दिवस संपत आला असताना चांगला फलंदाज जपायला पाठवलेला दुय्यम गडी, रात्रीचा राखणदार. ‘सेकंड न्यू बॉल’ कसोटीत ८० षटकांनंतर मिळतो, तेव्हा चहा आधीच घेऊन बसा.

रिव्ह्यू जरा सावकाश वाचा. पायचीतला पडद्यावर तीन गोष्टी बघतात: चेंडू पडला कुठं, पायाला लागला कुठं, आणि पाय नसता तर स्टंपला लागला असता का. तिन्ही लाल झाल्या की ‘थ्री रेड्स’, बाद. पहिल्या प्रश्नातच चेंडू लेग स्टंपच्या बाहेर पडलेला दिसला की पुढं काही बघायचं नाही, नाबाद. आणि ज्यावरून तुम्ही रेडिओला शिव्या देता तो ‘अंपायर्स कॉल’ असा: चेंडू स्टंपला लागतोय, पण निम्म्याहून कमी. मग मैदानातल्या पंचानं आधी जे दिलं तेच कायम. म्हणजे तोच चेंडू, पंचानं बोट वर केलं असेल तर बाद, नसेल तर नाबाद. तुम्हाला हा अन्याय वाटतो. मलाही वाटतो. एवढंच की रिव्ह्यू मागणाऱ्याचा रिव्ह्यू वाया जात नाही.

पावसाचा हिशोब, डकवर्थ-लुईस-स्टर्न. इथं बदक नाही, माणसांची नावं आहेत. तुम्ही स्लॅबचं काम घेतलंय. किती दिवस हातात आणि किती गडी हातात, दोन्ही बघूनच तुम्ही शब्द देता. पावसानं चार दिवस खाल्ले, तर आठ गडी असलेल्याचं नुकसान जास्त, कारण त्याला त्या दिवसांत खूप काम ओढता आलं असतं. दोनच गडी उरलेल्याचं तसंही फार काही होणार नव्हतं. तसंच षटकं किती आणि गडी किती, त्यावरून नवीन लक्ष्य ठरतं. २ नोव्हेंबर २०२५ ला मुलींच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पावसानं सुरुवात लांबली, तुम्ही देव पाण्यात ठेवले होते. पण षटकं कापली नाहीत, त्यामुळं हे गणित लागलंच नाही आणि आपण ५२ धावांनी सरळ जिंकलो.

त्याच सामन्यात इंग्रजीवाला सारखं ‘बॅटर’ का म्हणतो, असं विचारलं होतंत. पूर्वी ‘बॅट्समन’ म्हणायचे, त्यात ‘मॅन’ आला. २०२१ साली क्रिकेटच्या नियमांतच शब्द बदलून ‘बॅटर’ केला. आपला ‘फलंदाज’ आधीपासून दोघांना चालतो. तो फलंदाज, ती फलंदाज.

‘विजय हजारे ट्रॉफी’चा उच्चार ते कसाही करोत, तो आपल्या सांगलीत जन्मलेला माणूस आहे हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंय की ॲडलेडच्या १९४८ च्या कसोटीतली त्यांची ११६ आणि १४५ मला पाढ्यासारखी पाठ आहेत. ते तुम्हाला समजावत बसत नाही.

गुगली, यॉर्कर, स्विंग तसेच ठेवलेत. त्यांना मराठी करायला गेले तर तुम्हालाच पुन्हा इंग्रजीत समजावून सांगावं लागेल.

वही रेडिओखाली ठेवा, खिडकीत नको, तिथं ओल येते. मागची बारा पानं कोरी आहेत. नवीन शब्द कानावर पडला की पडेल तसा लिहा, शुद्धलेखन बघू नका. ‘शिळी मिडाप’ मला कळलंच की.

तुमची नात