वेबसाइटचा डेटा नष्ट झाल्याबद्दल आणि वापरण्याजोगा बॅकअप न दिल्याबद्दल नुकसानभरपाईची मागणी

दिनांक : २ एप्रिल २०२५

प्रति,
विधी व ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आम्ही शिलाई मशीनचे सुटे भाग विकतो आणि आमची जवळपास सगळी विक्री आपल्या सर्व्हरवर असलेल्या वेबसाइटवरून होत असे. होस्टिंगच्या मूळ शुल्काखेरीज ‘रोजचा बॅकअप’ या स्वतंत्र सेवेचे शुल्कही आम्ही दरवर्षी आगाऊ भरत आलो आहोत. ९ मार्चच्या रात्री आपल्या स्टोरेजमध्ये बिघाड होऊन वेबसाइटच्या सर्व फाइल्स आणि डेटाबेस नष्ट झाला, हे आपण ११ मार्चच्या ईमेलमध्ये लेखी मान्य केले आहे. यंत्रे कधी ना कधी बिघडतात, हे आम्ही जाणतो आणि केवळ बिघाडासाठी भरपाई मागत नाही. अशा बिघाडासाठीच पैसे मोजून घेतलेला बॅकअप प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता, हा आमच्या मागणीचा आधार आहे.

आपण आम्हाला डेटाबेसचे १४ बॅकअप उतरवून घेण्यास दिले. त्यातील प्रत्येक `db.sql.gz` फाइल नेमकी २० बाइटची आहे. `gzip` ला काहीच मजकूर न देता तयार होणारी फाइल एवढीच असते. म्हणजे चौदाही रात्री रिकामे पाकीट बंद करून ठेवले गेले. आपल्याच तंत्रज्ञांनी पाठवलेल्या लॉगमध्ये त्याचे कारण आहे :

```
mysqldump: Got error: 1045: Access denied for user
'backup'@'localhost' (using password: YES) when trying to connect
```

ही नोंद १८ जानेवारीपासून, म्हणजे आपण आमची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली त्या रात्रीपासून, रोज आढळते. बॅकअपच्या खात्याला नव्या सर्व्हरवर प्रवेशच मिळत नव्हता. परंतु आपली स्क्रिप्ट `mysqldump` अयशस्वी झाला की नाही हे न पाहता पुढच्या `gzip` चा निकाल ग्राह्य धरत राहिली आणि कंट्रोल पॅनेलमध्ये आम्हाला रोज ‘बॅकअप यशस्वी’ असे दिसत राहिले. फाइलचा आकार एकदा जरी पाहिला असता किंवा एखादा बॅकअप चाचणी म्हणून पुन्हा उभारून पाहिला असता, तरी हे त्याच आठवड्यात उघड झाले असते. उत्पादनांच्या छायाचित्रांच्या प्रती तर मूळ फाइल्स होत्या त्याच स्टोरेजवर ठेवल्या होत्या, त्यामुळे त्याही मूळ फाइल्सबरोबर गेल्या.

ग्राहकाने स्वतःचा बॅकअप ठेवावा, या सेवाशर्तीतील कलमावर आपण उत्तरात बोट ठेवले आहे. ते कलम मूळ होस्टिंगपुरते आहे. ज्या कामासाठी वेगळे शुल्क घेतले, ते काम न करण्याची मुभा त्या कलमातून मिळू शकत नाही. शिवाय बॅकअप झाल्याची ग्वाही आपणच रोज देत असताना तिच्यावर विसंबलेल्या ग्राहकाला निष्काळजी ठरवणे आम्हाला सर्वस्वी अमान्य आहे. दायित्व एका महिन्याच्या शुल्काइतके मर्यादित करणारे कलमही, सात आठवडे चुकीची माहिती दाखवली गेली असताना, येथे लागू होत नाही, अशी आमची भूमिका आहे.

सर्वांत मोठे नुकसान कोणता भाग कोणत्या मॉडेलला बसतो या तक्त्यांचे आहे. सुमारे ६४० भागांचे हे तक्ते जुने भाग मोजून आणि दुरुस्ती करणाऱ्यांना विचारून अनेक वर्षांत तयार झाले होते, आणि ते बाजारात विकत मिळत नाहीत. नुकसान कमी करण्यासाठी आम्ही वेबॅक मशीनमधून मिळतील ती पाने उतरवली आणि पेमेंट गेटवेच्या नोंदींवरून प्रलंबित ऑर्डर्स जुळवल्या. त्यामुळे वाचलेले काम मागणीतून वजा केले आहे.

आमची मागणी अशी आहे की, १८ जानेवारीपासूनचे होस्टिंगचे व बॅकअप सेवेचे संपूर्ण शुल्क आपण परत करावे, वेबसाइट व तक्ते पुन्हा तयार करण्याचा खर्च द्यावा आणि विक्री बंद राहिलेल्या काळातील निव्वळ नफ्याची भरपाई करावी. हा नफा गेल्या वर्षीच्या त्याच काळातील विक्रीवरून, मालाचा आणि पाठवणीचा खर्च वगळून काढला आहे. एकूण रक्कम आपल्या वार्षिक शुल्काच्या सुमारे नऊपट होते. तिचा बाबवार हिशेब, बिले, पावत्या आणि पॅनेलचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

बिघडलेल्या डिस्क आणि जानेवारीपासूनचे लॉग कोणत्याही परिस्थितीत नष्ट करू नयेत. त्या डिस्कवर आमच्या ग्राहकांचे पत्ते व फोन क्रमांक आहेत, त्यामुळे त्या सध्या कोणाच्या ताब्यात आहेत हे लेखी कळवावे आणि त्रयस्थ डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडून त्यांची तपासणी आपल्या खर्चाने करून घ्यावी. त्यातून तक्ते परत मिळाल्यास पुनर्निर्मितीच्या खर्चाची मागणी आम्ही त्या प्रमाणात कमी करू.

हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत रक्कम अथवा प्रत्येक बाबीवरील सकारण उत्तर न मिळाल्यास, करारातील तरतुदीनुसार आम्ही हा वाद लवादापुढे नेऊ.

आपली विश्वासू,
प्रोप्रायटर व नोंदणीकृत खातेधारक