संगणक व नेटवर्क वापराचे धोरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आपल्या टॉवेल कारखान्याचे संगणक, ईमेल व वायफाय कामासाठी आहेत. जेवणाच्या सुट्टीत रेल्वेचे तिकीट काढण्यास हरकत नाही, चित्रपट मात्र डाउनलोड करू नयेत. पासवर्ड कोणालाही सांगू नये, रजेवर जातानासुद्धा नाही. जकार्डच्या डिझाइन फाइली खाजगी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत, कारण ती नक्षी बहुधा ग्राहकाची असते. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा सूत पुरवठादाराचा ईमेल आल्यास, तो कितीही खरा वाटला तरी, पैसे पाठवण्यापूर्वी आपल्या नोंदीतील जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. चुकून संशयास्पद लिंक उघडल्यास नेटवर्कची केबल काढून लगेच संगणक विभागाला कळवावे. कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, लपवणाऱ्यावर होईल. परवानगीविना दुसऱ्याची माहिती कॉपी केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० लागू होऊ शकतो.